रुखमाबाई जौजे कडूबा

शालिग्रामच्या चालू खात्यात वर्षभरात अठ्ठावीस नव्हे, तीस नव्हे, चांगले चौतीस हजार चाळीस रुपये विक्रीचे म्हणून दिसत होते, आणि सेल्स टॅक्सच्या चार तिमाही रिटर्नांत विक्री लिहिली होती एकतीस हजार दोनशे. मधले दोन हजार आठशे चाळीस कुठले, एवढंच बँकेला हवं होतं.

शालिग्रामची मेहकरात तेलाची घाणी होती. बैलांची. शेंगदाणा आणि करडी. बैल फिरवून फिरवून तोही बैलासारखाच झाला होता असं त्याची बायको मंजुळाबाई म्हणायची, आणि तो ते ऐकून हसायचा. आता त्याला इंजिनावरचं यंत्र घ्यायचं होतं. त्यासाठी चार हजारांचं कर्ज, यंत्र तारण ठेवून. शेजारच्या दोन घाण्या इंजिनावर गेल्या होत्या आणि त्यांचं तेल शेरामागे दोन पैसे स्वस्त पडत होतं. आणखी एक हंगाम बैलांवर काढला असता तर गिऱ्हाईक उरलं नसतं.

बँकेच्या मेहकर शाखेत भगवंतराव नावाचे हिशेबनीस होते. सज्जन माणूस. त्यांनी आधी शालिग्रामच्या दिवाळी ते दिवाळी चालणाऱ्या वह्या बाजूला सारल्या, कारण रिटर्न एप्रिल ते मार्चचे होते आणि दोन्ही बाजू एकाच बारा महिन्यांच्या नसतील तर तुलनेला अर्थ नाही. मग खातेउताऱ्यातली जमेची बेरीज काढली. अडतीस हजार चारशे नव्वद आली. आणि एकेक रक्कम उचलून विचारायला लागले, ही विक्री का?

दोन हजार विक्री नव्हती. शेंगा घ्यायला शालिग्रामने ते काढले होते, सौदा मोडला, पुन्हा भरले. साडेनऊशेचा खामगावच्या व्यापाऱ्याचा चेक न वटता परत आला होता आणि दुसऱ्यांदा टाकला होता, म्हणून जमेत दोनदा दिसत होता. दीड हजार सासऱ्यांकडून उसने. हे सगळं वजा केल्यावर चौतीस हजार चाळीस राहिले. शालिग्राम गल्ल्यातला पैसा दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा बँकेत भरायचा, तेव्हा जमा आणि विक्री जवळपास सारखीच निघायला हवी होती.

"उधारी वसुली असेल जुनी," भगवंतराव स्वतःच वाट दाखवत म्हणाले.

शालिग्राम उधारी देतच नव्हता. त्याने तसं सांगितलंही. खरं बोलायची सवय वाईट असते ती अशी.

मग भगवंतरावांनी स्पष्ट केलं. खामगावला बँकेचे मोठे साहेब बसत, त्यांना एजंट म्हणायचे. ते हा फरक पाहून एकच म्हणतील: विक्री लपवली आहे. उद्या सेल्स टॅक्सवाल्यांनी धरलं तर कर आणि दंड आधी जाणार, बँकेचा हप्ता मागे राहणार. अशाला कर्ज कोण देईल?

"मग समदी विक्रीच हाये म्हणतो," शालिग्राम म्हणाला. "रिटर्न सुधारून भरतो, कर भरतो. मिटलं."

भगवंतरावांनी त्याचीच खरेदीवही पुढे ओढली. इतकी करडी, इतक्या शेंगा, त्यातून इतकं तेल, इतकी पेंड. एकतीस हजारांची विक्री त्या मालात बरोबर बसत होती. आणखी दोन हजार आठशेचं तेल काढायला दाणे कुठून आणले, हे कोणी विचारलं की काय सांगणार? खोट्याला शेंगा लागतात, शालिग्राम, असं ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

शालिग्राम घरी आला आणि जेवला नाही. मंजुळाबाईला कळायचं ते कळलं. कारण ते पैसे तिचे होते. म्हणजे तिचे नव्हते, तिच्याकडचे होते.

जानेफळकडच्या, आसपासच्या मळ्यांतल्या बाया बाजाराला वांगी, मिरची, मेथी घेऊन येत. पैसे मोजून नवऱ्याच्या हाती द्यायचे हा रिवाज. पण दोन वांग्यांमागे एक वांगं कुठं पडतं ते वांग्याला आणि बाईलाच माहीत. असा रुपया, दोन रुपये बाया परतीच्या वाटेवर घाणीच्या मागल्या दाराने मंजुळाबाईजवळ ठेवत. सत्तावीस बाया. आधी हा पैसा हंड्यात राही. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या सुमाराला आळीत चोरी झाली, तेव्हापासून शालिग्राम तो गल्ल्याबरोबर बँकेत भरू लागला.

मंजुळाबाईला लिहिता येत नव्हतं. तिने प्रत्येकीच्या लुगड्याच्या चिंधीची पिशवी शिवली होती आणि रुपयामागे एक चिंचोका त्यात टाकी. कोणी पैसे परत नेले की तेवढे चिंचोके एका पांढऱ्या पिशवीत जात. बायांना एकमेकींचा आकडा माहीत नव्हता. शालिग्रामलाही कोणाचे किती ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या पिशव्या टोपलीत घालून बँकेत गेली. भगवंतरावांनी दार लोटून घेतलं आणि दोघं मोजायला बसले. पांढरी पिशवी धरून दोन हजार आठशे छत्तीस भरले. चार कमी.

"चार उंदरानं नेले असतील," ती म्हणाली.

भगवंतराव कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, वहिनी, आमच्या लेजरातसुद्धा इतकं जुळत नाही. पण चिंचोके फाइलला लावता येत नाहीत. यादी करावी लागेल, नाव, पत्ता आणि रक्कम, खाली तुमचा अंगठा, की हा पैसा ठेवीचा आहे, विक्रीचा नाही.

मंजुळाबाईने एकच विचारलं. "भाऊ, हा कागद या खोलीच्या बाहेर जाईन का?"

"नाही जाणार. कर्जाच्या फाइलीत राहील. कुलपात."

ते खोटं बोलले नाहीत. त्यांना तसंच वाटत होतं.

तिने रात्रभर विचार केला असं मी म्हणणार नाही. तिने तिथंच, पुढ्यातल्या पिशव्यांकडं बघत विचार केला. ठिगळाच्या निळ्या पिशवीवर हात ठेवून ती थोडा वेळ बसली. ती रुखमाबाईची होती. एकशे बेचाळीस चिंचोके. रुखमाबाईची लेक आशा पहिल्या वेळी दोन दिवस अडली होती, मूल गेलं, आणि खामगावच्या डॉक्टरणीने बजावलं होतं की पुढच्या खेपेला महिनाभर आधी आणून दवाखान्यात ठेवा, घरी ठेवाल तर बाई गमवाल. त्या महिन्याच्या खोलीचा, औषधाचा, मोटारीच्या भाड्याचा तो पैसा. आशाला सहावा लागला होता.

मग मंजुळाबाई नावं सांगू लागली. नुसतं "रुखमाबाई" चालत नव्हतं. जानेफळात रुखमाबाया तीन होत्या. सरकारी कागदात बाईच्या नावापुढे जौजे लिहून नवऱ्याचं नाव घालायची रीत होती, जौजे म्हणजे अमक्याची बायको. भगवंतरावांनी वळणदार अक्षरात लिहिलं: रुखमाबाई जौजे कडूबा. अशी सत्तावीस.

यादी खामगावला गेली. एजंटसाहेबांना ती पटली, फक्त एका अंगठ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. कर्जदाराच्या बायकोने दिलेली यादी, तिची शहानिशा ठेवीदारांकडूनच व्हायला हवी. हेही बरोबरच होतं. त्यांनी सत्तावीस पत्रं छापील नमुन्यात काढवली: आपण शालिग्राम यांचेकडे अमुक रुपये ठेविले आहेत काय, खरे असल्यास सही वा अंगठा करून परत पाठवावे. पाकिटावर पत्ता यादीतलाच. भगवंतरावांना हे कळलं तेव्हा पत्रं टपालात पडली होती.

जानेफळचा पोस्टमन इंद्रभान. त्याला बायांची पत्रं पोचवायची सवयच नव्हती, कारण बायांना पत्रं येतच नसत. पाकिटावर कडूबाचं नाव दिसलं, त्याने कडूबाला दिलं. कडूबाला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने ते देवळाच्या ओट्यावर इंद्रभानकडूनच वाचून घेतलं. इंद्रभानने मोठ्याने वाचलं, कारण तो सगळीच पत्रं मोठ्याने वाचायचा. एक झालं, दुसरं झालं. सातव्या पत्रापर्यंत ओट्यावर माणसं मावेनात.

कडूबा वाईट माणूस नव्हता. त्याने रुखमाबाईला मारलं नाही. सत्तावीस घरांत सगळ्यांबद्दल असं म्हणता येणार नाही. तो फक्त दुसऱ्या दिवशी तिला घेऊन घाणीवर आला आणि पुढल्या दाराने आला.

"माह्या मळ्यातला पैसा," तो म्हणाला. "देऊन टाका."

मंजुळाबाई म्हणाली की पैसा रुखमाबाईनं ठेवला, रुखमाबाईच्याच हाती देईन. आशासाठी आहे तो, तुमच्याच लेकीसाठी.

"आशाले सासर हाये. अन् बाया घरीच बाळंत होते. माही माय नऊ वेळा झाली." त्याने पत्र काढून तिच्यापुढे धरलं, नावावर बोट ठेवलं. "हे कोनाचं नाव हाये? इंद्रभाननं वाचून दाखोलं मले. कडूबा हाये."

मंजुळाबाईने रुखमाबाईकडे पाहिलं, तर ती तेलाच्या डब्याकडे बघत होती, जणू डबा विकत घ्यायचा की नाही ते ठरवत होती.

शालिग्रामने एकशे बेचाळीस मोजून दिले. पत्रावर रुखमाबाईचा अंगठा घेतला. अंगठा लागलाच पाहिजे होता, नाहीतर फरक सुटला नसता. कडूबाने त्या पैशात भर घालून एक बैल घेतला. त्याचा एक म्हातारा झाला होता, तेही खरंच होतं.

पंधरा दिवसांत सत्तावीसही पत्रं अंगठ्यांसह बँकेत पोचली. भगवंतरावांनी तक्ता पुरा केला. जमा, वजा परत भरणा, वजा न वटलेला चेक, वजा उसने, वजा ठेवी. उरले एकतीस हजार दोनशे चार. रिटर्नमध्ये एकतीस हजार दोनशे. एजंटसाहेबांनी शेरा मारला की उलाढाल आणि घोषित विक्री जुळते, कर्ज मंजूर. भगवंतराव स्वतः घाणीवर सांगायला आले. पेढे नको म्हणाले. निघताना मंजुळाबाईला म्हणाले, "वहिनी, मी पत्ता लिहायला नको होता."

"तुम्ही काय करान," ती म्हणाली. "नाव तं म्याच सांगतलं."

यंत्र पोळ्यानंतर आलं. शालिग्रामने बैल विकले नाहीत, विकवले नाहीत त्याच्याने. मागल्या दाराने येणाऱ्या बाया बंद झाल्या. त्या आता पुढच्या रस्त्यानेही घाणीवरून जात नसत, आडव्या बोळाने जात.

आशाला आठव्यातच कळा सुरू झाल्या. माहेरी आणली होती. दीड दिवस सुईणीने पाहिलं, मग कडूबाने नवा बैल जुंपून छकडा काढला. बैल जोरकस होता. तरी रस्त्यातच, खामगाव बरंच लांब असताना, कडूबाने तो थांबवला. तो बैलाच्या मानेवर डोकं ठेवून रडत होता, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं.

तेराव्यानंतर मंजुळाबाई एकटी जानेफळला गेली. हातातल्या पाटल्या मोडून एकशे बेचाळीस रुपये कमरेच्या चंचीत घेतले होते. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. रुखमाबाई मळ्यात वांगी तोडत होती. तिने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

मंजुळाबाई सरीत उतरली आणि शेजारच्या ओळीतली वांगी तोडू लागली. तिला सवय नव्हती. काटे बोटांत जात होते.

बऱ्याच वेळाने रुखमाबाई म्हणाली, "देठ धरून तोड वो. नाईतं बजारात कोनी घेत नाई."

मंजुळाबाईने देठ धरला. ऊन उतरेपर्यंत दोघींनी तीन डालकी भरली. पैशांचं बोलणं निघालं नाही.