पहिला ठिपका

सही एकच मिळायची होती, पण त्या एका सहीनं भाऊंच्या मागचं काय काय सुटणार होतं ती यादी लांबलचक होती. प्रयोगशाळेतल्या दोनशे चौदा वस्तू, ज्यांचा जाब कॉलेजचे प्रयोगशाळा परिचर म्हणून अडतीस वर्षं त्यांनाच विचारला गेला होता. सकाळी आठचं कुलूप. उभं राहून राहून संध्याकाळी बुटात न मावणारे पाय. डेडस्टॉक रजिस्टरच्या, म्हणजे उपकरणांच्या नोंदवहीच्या, शेवटच्या पानावर ‘सर्व उपकरणे चालू स्थितीत मिळाली’ असं लिहून विभागप्रमुख सरांनी सही ठोकली, की शनिवारी निवृत्ती आणि रविवारी मुलीकडे प्रयाण. मुलीला सातवा महिना लागला होता. बायकोनं पिशव्या भरून दाराशी ठेवल्या होत्या, त्यांना अडखळूनच भाऊ आज घराबाहेर पडले होते.

रजिस्टर सरांच्या टेबलावर उघडंच पडलं होतं. “परीक्षा संपू दे भाऊ, मग निवांत करू,” सर म्हणाले होते. सरांचा निवांतपणा भाऊ ओळखून होते. हातातलं काम झाल्याशिवाय सर मोबदला देत नसत, मग तो मोबदला शाईच्या चार थेंबांचा का असेना.

प्रात्यक्षिक परीक्षेचा तिसरा दिवस, दुपारचे साडेतीन. पंखा फिरत होता म्हणायचं, एवढंच. कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत मळसूत्राच्या प्रयोगाची नळी मांडलेली होती आणि तिच्यापुढे शेवटची परीक्षार्थी बसली होती. ही मुलगी परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होती. चौथ्यांदा बसायची सोय नियमात नव्हती.

प्रयोग बघायला देखणा. काचेच्या नळीतून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो, नळीभोवती तारेचं लांब वेटोळं, वेटोळ्यात वीज सोडली की आत नळीच्या लांबीच्या दिशेनं चुंबकीय क्षेत्र. क्षेत्राच्या रेषेत सरळ निघालेला इलेक्ट्रॉन सरळच जातो, त्याच्या वाटेला कुणी जात नाही. पण तिरका शिरलेला गोल फिरत फिरत पुढे सरकतो, स्क्रूच्या आट्यांसारखा. झोताला मुद्दाम कमीजास्त तिरकं केलेलं असतं, म्हणून पडद्यावर आधी हिरवी रेघ दिसते. वीज वाढवत नेली की रेघ वळते, आखडते आणि शेवटी तिचा ठिपका होतो. म्हणजे झोतातल्या सगळ्यांनी पडद्यापर्यंतच्या पंधरा सेंटिमीटरांत बरोबर एक फेरी पुरी केली. आणखी वीज वाढवली तर रेघ पुन्हा उघडते, पुन्हा मिटते, दुसरा ठिपका.

हे सगळं नॉब धड असेल तर. पॉवर सप्लायचा नॉब दोन वर्षांपूर्वी आतून जळला होता. शून्यापासून फिरवावा तर काही नाही, काही नाही, आणि मग टक् करून काटा एकदम पावणेदोन ॲम्पिअरला. पहिला ठिपका पडायचा एक पूर्णांक एकोणीसला. म्हणजे त्याच्या दारावरून गाडी न थांबता पुढे. भाऊंनी तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा सर म्हणाले, “तुम्ही आहात ना. घ्या जमवून.”

भाऊंनी जमवलं. अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी सरकवायची, तिच्यावर नॉब धड होता तेव्हाचा पहिल्या ठिपक्याचा आकडा. वर बजावायचं, “सगळ्यांनी एकोणीसच लिहू नका रे, लग्नाची पत्रिका छापल्यासारखं. कुणी अठरा लिहा, कुणी वीस.” तीन दिवसांत अकरा जणांनी लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम गुडघ्याला पट्टा बांधून मोठ्या टेबलाशी बसल्या होत्या. पोरं कागद घेऊन तिथपर्यंत जायची, मॅडम वाचनाखाली आद्याक्षरं मारायच्या. उठून आत जाऊन बघायचं त्राण कुणात होतं? नियम तसा होता, पण नियम करणाऱ्याचे गुडघे धड असावेत.

या शेवटच्या परीक्षार्थी बाईसाहेबांनी मात्र चिठ्ठी परत केली होती.

“नको भाऊ. आधी दोन वेळा दुसऱ्याचं बघून लिहिलं आणि नापास झाले. आता माझं माझंच लिहून नापास होते.”

“अगं, दिसणार नाही तुला तिथे काही.”

“जिथे दिसेल तिथलं लिहीन.”

भाऊंनी हात जोडले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. चाळीस मिनिटं ती पडद्याला नाक लावून बसली. रेघ मिटून ठिपका झाला की ती वाचन टिपायची, नॉब मागे घ्यायची, परत ठिपका गाठायची. तीनदा. इतकी वर्षं भाऊंनी ते यंत्र पुसलं होतं, पण त्या ठिपक्याकडे असं टक लावून पाहणारं माणूस त्यांना बोटांवर मोजण्याइतकंच भेटलं होतं.

तिचा कागद टेबलावर गेला आणि मॅडमनी चष्मा वर केला.

“तेवीस... नाही, दोन पूर्णांक सदतीस ॲम्पिअर. विद्युतभार भागिले वस्तुमान, शून्य पूर्णांक चव्वेचाळीस गुणिले दहाचा अकरावा घात. पुस्तकात किती असतं माहीत आहे?”

“एक पूर्णांक शहात्तर.”

“मग?”

“मला हेच आलं, मॅडम.”

सर पलीकडून हसले. “दर वेळी हिचं काहीतरी असतंच. बाकी अकरा जण बघा, एक्काहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर. गुण देऊन टाका चार-पाच आणि मोकळ्या व्हा. तुमची सव्वापाचची बस आहे.”

चार-पाच म्हणजे नापास. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि रीत म्हणून तोंडी विचारायला घेतलं. “वेग क्षेत्राशी थीटा कोन करत असेल, तर त्रिज्या?”

“एम व्ही साइन थीटा भागिले क्यू बी.”

“पिच? म्हणजे एका फेरीत पुढे किती सरकेल?”

“व्ही कॉस थीटा गुणिले फेरीचा वेळ. वेळ म्हणजे टू पाय एम भागिले क्यू बी.”

“कोन वाढला तर?”

“घेर वाढेल, पुढची चाल कमी होईल. त्रिज्या मोठी, पिच लहान.”

“मग वेगवेगळ्या कोनांतले एकाच ठिपक्यात कसे काय जमतात?”

“मोठा वळसा ज्याच्या वाट्याला येतो तो गोल भरभर फिरतो. लहानवाला सावकाश. फेरीचा वेळ सगळ्यांचा तोच. आणि इथे कोन इतके बारीक असतात की कॉस सगळ्यांचा जवळजवळ एकच, म्हणून पिचही एकच.”

“येतं की हिला,” मॅडम थकल्या आवाजात म्हणाल्या, जणू त्यांच्यावरच संकट आलं. “मग उत्तर असं चौथा हिस्सा का आलं?”

चौथा हिस्सा. दाराशी उभ्या भाऊंच्या डोक्यात ते केव्हाच जुळलं होतं. वीज दुप्पट म्हणजे क्षेत्र दुप्पट, पिच निम्मी. पंधरा सेंटिमीटरांत एकाऐवजी दोन फेऱ्या. पोरीनं सूत्रात फेरी एकच धरली, बिचारीला पहिला ठिपका दिसलाच कुठे होता? फेऱ्यांचा वर्ग घालायचा, दोनाचा वर्ग चार, की उत्तर जागेवर.

गप्प बसलं तर सही पंधरा मिनिटांवर होती, बोललं तर नॉबची गोष्ट निघणार होती. भाऊंनी रजिस्टरकडे पाहिलं. मग मुलीकडे. ती कागदाकडे बघत नव्हती, स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

“मॅडम,” भाऊ म्हणाले आणि त्यांना स्वतःचाच राग आला, “तिनं दुसरा ठिपका घेतलाय.”

मॅडमनी पेन उचलून बाजूला चार गुणिले मांडलं. एक पूर्णांक शहात्तर. तिन्ही दिवसांतलं सगळ्यांत अचूक उत्तर.

“वा! पण मुली, पहिला सोडून दुसरा कशाला गं?”

“पहिला नव्हताच, मॅडम.”

“नव्हता म्हणजे?”

आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मॅडम खुर्चीतून उठल्या. गुडघा धरत अंधाऱ्या खोलीत गेल्या, नॉब फिरवला. काही नाही. काही नाही. टक्. हिरवी रेघ एकदम तिरपी होऊन बसली. त्यांनी तो परत शून्यावर नेला, परत टक्. मग बाहेर येऊन अकरा उत्तरपत्रिका पुढ्यात ओढल्या. एक पूर्णांक एकोणीस. अठरा. वीस. एकोणीस. प्रत्येक आकड्याखाली आद्याक्षरं, त्यांच्याच सुबक अक्षरातली.

मॅडमनी एकदाच भाऊंकडे पाहिलं. सरांनी उठून दार लोटलं.

“हे बघा,” सर हळूच म्हणाले, “अकरा जणांची परीक्षा पुन्हा घ्यायची तर मलाही कागद रंगवावे लागतील आणि तुम्हालाही. वाचनं तर तुम्हीच तपासलीत.”

“तपासली,” मॅडम म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

“म्हणजे यंत्र काल चालू होतं. आज बिघडलं. आज शेवटी कुणाच्या हातात होतं?”

प्रश्न खोलीला होता, नजर मुलीवर. मुलीचा चेहरा उतरला. उपकरण मोडलं असा शेरा आला की गुण गेले, तिसरी खेपही गेली. भाऊंनी सरांना इतक्या वर्षांत बरेच हिशेब फिरवताना पाहिलं होतं, पण इतक्या सफाईनं नाही.

“माझ्या,” भाऊ म्हणाले. “ती बसायच्या आधी मीच जोरात फिरवला. लिहा तसं.”

“भाऊ, विचार करा. मग रजिस्टर...”

“लिहा म्हटलं ना. पाय दुखतायत माझे.”

मुलगी दप्तर घेऊन निघाली, दाराशी थबकली. भाऊंना वाटलं, दोन शब्द बोलेल.

“दोन फेऱ्या धरायच्या असतात, हे आधी सांगायला काय झालं होतं हो भाऊ? चाळीस मिनिटं डोळे फोडले मी.”

“चिठ्ठी दिली होती की.”

“चिठ्ठीत ते कुठे होतं?” असं म्हणून ती गेली. तिचंही खरंच होतं.

भाऊंनी घरी फोन लावला. “पिशव्या दारातून आत घे.”

“का? कोण पडलं?” बायकोनं विचारलं.

“मीच. नवा नॉब येईपर्यंत ताबा सुटत नाही. महिना, दोन महिने, बघू.”

“एवढंसं बटण आणि तुम्ही त्याच्यामागे अडलात?”

“अडलो.”

“मी जाते रविवारी,” बायको म्हणाली. “तुमचा डबा तुम्ही बघा.”

तर त्या दिवशीचा आढावा असा. अकरा जणांना न पाहिलेल्या ठिपक्याचे गुण मिळाले. मुलगी पास झाली आणि रागावलेली राहिली. मॅडमना सव्वापाचची बस मिळाली. खिडकीजवळची जागा मिळाली की नाही कळलं नाही. सरांना मिळवायचं काही नव्हतं आणि गमवावं लागलं नाही. रजिस्टरच्या एकशे एकोणसाठाव्या ओळीत भाऊंनी स्वतःच्या अक्षरात ‘नादुरुस्त’ लिहिलं, दोन वर्षं उशिरा, आणि खाली तारीख टाकली आजची. मग बूट सैल केले, अंधारी खोली पुसून घेतली आणि कुलूप लावलं. उद्या सकाळी आठला तेच उघडायचं होतं.