वेल कुठल्या बाजूला

गेलेल्या बायकोची, मालनची रांगोळी आपल्या दारात दुसऱ्या कुणाच्या हातून उतरावी, हे मधुकरला सोसवत नव्हतं. पण अनुपमाचा पहिला दिवाळसण होता, जावई येणार होता, आणि पोरीनं आईचीच रांगोळी मागितली होती. मुलुंडच्या त्या चाळीत शेजारच्या सुगंधावहिनींइतका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"सांगणार मी. तुम्ही फक्त काढायची," मधुकरनं आधीच बजावलं. मेहुण्यानं काढलेला मालनच्या रांगोळीचा फोटो त्यानं स्टुडिओतून मोठा करून आणला होता. तो त्यानं वहिनींच्या हातात दिलाच नाही.

"बरं भावोजी, तुमचाच मान. ठिपके?"

"पंधरा ते आठ. मधली ओळ पंधराची, वर-खाली एकेक कमी. प्रत्येक ठिपका दोघांच्या मधल्या जागेत."

ठिपक्यांचा षट्कोन उमटला. मधोमध सहा टोकांची चांदणी, प्रत्येक टोकापुढे एक कमळ. एक कमळ नीट जमलं की तेच सहा वेळा. मधुकर सांगत गेला, वहिनींची चिमूट सरकत गेली. त्याला वाटलं, आहे की सगळं आपल्यापाशी.

"आता कमळाखालून वेल. मधून बाहेर बघितलं तर डावीकडे वळलेला. सहाही तसेच."

वहिनींचा हात थांबला. "उजवीकडे."

"फोटो माझ्या हातात आहे."

"असू दे ना. मालनचे वेल उजवीकडेच जायचे. चक्र फिरल्यासारखे."

"बायको माझी होती, वहिनी!"

"मी कुठं नाही म्हणतेय? पण ती रांगोळी घालताना तुम्ही आत पेपर वाचत असायचात. ठिपके मी घालून द्यायचे तिला."

हे त्याला ठाऊकच नव्हतं. मालन कधी बोलली नव्हती. की बोलली होती आणि त्यानं ऐकलं नव्हतं? या शेजारच्या बाईनं आपल्या घरातलं काहीतरी परस्पर उचलून नेलंय, असं त्याला वाटलं.

"डावीकडेच काढा," तो म्हणाला.

वहिनींनी फोटोकडे मान वळवली. "वरच्या कडेला उंबऱ्याखालची पायरी दिसतेय ना? तिचा टवका कुठंय?"

"डावीकडे."

"आणि खरा?"

त्यानं समोर पाहिलं. पायरीचा उजवा कोपरा फुटलेला होता. कितीदा ठेचकाळला होता तो तिथं.

"निगेटिव्ह उलटी लावली मेल्यांनी. ठिपके, चांदणी, कमळं उलटली तरी तशीच दिसतात. वेल तेवढे फसवतात."

मधुकरनं फोटो पालथा ठेवला. सहाही वेल उजवीकडे गेले. कुठल्या बाजूला, हे वहिनींनी एकदाही विचारलं नाही.

दुपारी अनुपमा आली, दारातच थबकली. "अगदी आईची! वेलसुद्धा तसेच. बाबा, तुम्हाला इतकं आठवत होतं?"

वहिनी खाली बसून बोटांची रांगोळी झटकत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हो," मधुकर म्हणाला.