सासऱ्यांचा भोंगा

मधमाश्या पाळणाऱ्या सासऱ्यांचा आवाज म्हणजे नुसता भोंगा. आज माशी मनगटाला डसली. "हजार डंख पचवलेत मी!" ते गरजले, पण दोनच मिनिटांत पोटावर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि भोंगा घोगरा झाला. सुनेने लगेच ओळखलं. डंख मनगटाला आणि गांधी पोटावर, म्हणजे आता वाट बघायची नाही. तिने त्यांना खाली बसवलं, गेल्या खेपेला अशीच अ‍ॅलर्जी उठल्यावर डॉक्टरांनी जवळ ठेवायला दिलेलं इंजेक्शन पँटवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं आणि अँब्युलन्स बोलावली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "त्रास पुन्हा उलटू शकतो, आज इथेच राहा."

तेवढ्यात वॉर्ड दणाणला, "अगं, नव्या पँटला भोक पाडलंस!"

इतका गोड ओरडा सुनेने जन्मात खाल्ला नव्हता.