व्हेननंतरचं विल

शाळेतून निवृत्त झाल्यावर सर संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. कामावरून थकून आलेली माणसं, कुणाला बढतीसाठी तर कुणाला परदेशी जाण्यासाठी भाषेची परीक्षा द्यायची असायची. सरांना त्यांच्यामुळे बोलायला माणसं मिळायची. पत्नी गेल्यापासून घरात आवाज असा फक्त फ्रिजचा.

एक नियम ते पहिल्याच आठवड्यात फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत: व्हेन आणि ॲज सून ॲज यांच्यानंतर विल नाही. पुढच्या काळाबद्दल बोलायचं असलं तरी नाही.

"आपण 'तो येईल तेव्हा' म्हणतो, म्हणून तुमचा हात विलकडे वळतो," ते सांगत. "तिथे 'ही कम्स' लिहायचं. विल फक्त दुसऱ्या अर्ध्यात. व्हेन ही कम्स, आय विल कुक."

मुलालाही त्यांनी हे असंच शिकवलं होतं, लाल पेन घेऊन. आता तो दूर देशी होता आणि बापलेकांचं लिहिणं जुन्या सवयीने इंग्रजीतच चालायचं. मुलाने नोकरी सोडल्याचं सरांना तिसऱ्याकडूनच कळलं. त्यांनी विचारलं, नोकरी का सोडलीस? आणि इकडे कधी येणार आहेस?

उत्तर एका ओळीचं आलं. आय विल टेल यू व्हेन आय कम.

सरांनी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाक्य स्वच्छ होतं. आल्यावर सांगतो. म्हणजे नोकरीचं काय झालं ते समोर बसून सांगणार, आणि त्यासाठी येणार. यायचं नक्की नसतं, तर पोराने कधी येईन ते कळवीन अशा अर्थाने व्हेन आय विल कम लिहिलं असतं. एका विलच्या नसण्यावर सरांचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी मुलाच्या खोलीतली रद्दी काढली. गादी उन्हात टाकली. खिडकीची कडी कित्येक दिवस लागत नव्हती, ती सुताराला बोलावून बसवून घेतली. दुकानदाराने विचारलं, "काय सर, पाहुणे?"

"मुलगा येतोय," सर म्हणाले. हे शब्द तोंडात फार दिवसांनी आले होते.

वर्गातल्या नर्सबाईंनाही त्यांनी सांगितलं. "अरे वा. कधी?" त्यांनी विचारलं.

सर जरा अडखळले. "कळेलच."

महिना सरला तरी काही कळेना. शेवटी न राहवून त्यांनी फोन लावला. "तिकीट काढलंस का रे?"

"कसलं तिकीट, बाबा?"

"तूच लिहिलंस ना, आल्यावर सांगतो म्हणून."

"मी लिहिलं होतं की कधी येईन ते कळवीन. अजून काहीच ठरलेलं नाही."

"मग विल का नाही लिहिलंस?"

"व्हेननंतर?" मुलगा हसला. "बाबा, तुमच्या लाल पेनाखाली वाढलोय मी. व्हेन दिसलं की हात आपोआप विल गाळतो."

या नियमाला दुसरीही एक बाजू होती, ती सरांनी कधी कुणाला शिकवली नव्हती. पोरांचा उगाच गोंधळ होतो म्हणून.

"आणि नोकरीचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सांगेन कधीतरी. ठेवू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं: आय डोन्ट नो व्हेन ही विल कम. नर्सबाईंनी लगेच हात वर केला. "सर, विल राहिलं तुमचं. पुसा ते."

"नाही, बरोबर आहे ते. मराठीत म्हणून बघा. 'तो आला की सांगीन' म्हणालात, तर येणं धरूनच चालला आहात. तिथे विल नाही. पण 'तो कधी येईल माहीत नाही' यात 'कधी' हा प्रश्न आहे. तिथे विल चालतं."

"म्हणजे माणूस येणारच नसला तरी?"

"आलाच तर कधी, एवढंच विचारतो तो प्रश्न. येण्याची हमी देत नाही."

सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. नर्सबाई फळ्याकडे बघत राहिल्या, मग सरांकडे. "सर, मुलगा?"

"अजून ठरलेलं नाही त्याचं."

वर्ग सुटला. बाकं पुसून ठेवायचं काम शिपायाचं होतं, पण त्या दिवशी सरांनी ते स्वतःच केलं, एकेक बाक, सावकाश. घरी लवकर पोहोचून काय करायचं होतं.