एर्मेकचा पहिला पगार आणि आठवा नंबर

पगाराच्या दिवशी आमच्या शिवणखान्यात कुणाचंही चित्त थाऱ्यावर नसतं. त्यात त्या दिवशी एर्मेकचा पहिला पगार. नारिनच्या डोंगरातून इथे राजधानीत, बिश्केकला आलेला, कापड कापायच्या टेबलावर महिनाभर मान मोडून राबलेला हा पोरगा सकाळपासून गाणी गुणगुणत होता. आणि आम्ही सगळ्या सकाळपासून त्याच्या मागे लागलो होतो.

"एर्मेक, पगार कधी धुणार?" नाझगुलने विचारलं. ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसते आणि तिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं.

पहिला पगार धुवायचा, म्हणजे सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं. आमच्याकडे नवीन गाडी धुतात, नवीन बूटसुद्धा धुतात. नाही धुतलं तर वस्तू टिकत नाही म्हणतात. माझ्या मते टिकत नाहीत ते धुणाऱ्याचे पैसे, पण फुकटचं मटण मलाही आवडतं, म्हणून मी गप्प होते.

"आज संध्याकाळीच," एर्मेक म्हणाला. "सळईवर भाजलेलं शाश्लिक, सूप, काय हवं ते. मग महिनाभर दुकानात बघून ठेवलेला तो फोन घेणार. आणि उरलेले आईला पाठवणार. पहिला पगार आईचाच की."

"दोन ठिकाणी खर्चून वर उरणार पण आहेत?" इस्त्रीवाले कुबानदादा म्हणाले. "मुलाचा पगार आहे का नदी?"

सगळे हसले. एर्मेकसुद्धा हसला. तेवढ्यात नारिनच्या टॅक्सीवाल्याने दारातून हाक मारली आणि एक पिशवी आत सरकवली. एर्मेकची आई उमसुनाय उन्हाळाभर वर कुरणात असते, मेंढ्या आणि घोड्या घेऊन. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून निरोप टॅक्सीवाल्याच्या हाती येतो. पिशवीत कुरुत होतं, दह्याचे वाळवलेले खारट गोळे, आणि वर एक पत्र.

"वाच मोठ्याने," नाझगुल म्हणाली. "आईचा आशीर्वाद आम्हालाही लागू दे."

तो फुशारकीने टेबलावर चढून बसला आणि वाचायला लागला.

"बाळा, आज तुझा पगार झाला असेल. मला इथे झोप नाही. घोडीलासुद्धा सांगितलं मी, माझ्या पोराचा पगार झाला म्हणून. आता ऐक. रीत म्हणून तू पैसे मला पाठवशील. पाठवू नकोस. पाठवलेस तर याच टॅक्सीने परत येतील. सोबतचे लोक धुवायला सांगतील, धू, त्यांचं मन मोडू नकोस. पण आधी थोडे बाजूला काढ. उरले तर ठेवीन म्हणू नकोस. दूध आलं की मी आधी हिवाळ्याच्या कुरुताचं काढून ठेवते, मग तुमच्या चहाला देते. उरलेल्या दुधाचं कुरुत करायचं ठरवलं असतं तर तुम्ही भावंडांनी एक गोळासुद्धा होऊ दिला नसता. कितीही दूध असलं तरी तुम्ही ते पीतच होतात. रस्ता बर्फाने बंद झाला त्या वर्षी आपण कशावर जगलो, आठव. कशासाठी साठवतोस ते मी विचारणार नाही. आपल्याच हाताला सहज सापडणार नाही अशा जागी ठेव. तुझ्या वाटेत प्रकाश असो."

कुबानदादांनी इस्त्री बाजूला ठेवली. "बाई शहाणी आहे. शाश्लिकऐवजी सामोसे चालतील."

एर्मेक लाल झाला होता, पण डोळे चमकत होते. "एजे," तो मला म्हणाला. एजे म्हणजे ताई, मला सगळे तेच म्हणतात. "तुमच्या भिशीत जागा आहे ना?"

जागा होती. आम्ही आठ जण दर पगाराला पाच-पाच हजार सोम घालतो आणि ते चाळीस हजार पाळीपाळीने एकेकाला मिळतात. आमची झुलैका मागच्या फेरीत आपली पाळी घेऊन मॉस्कोला गेली. "तिथून पाठवत जाईन" म्हणाली होती. आजवर दमडी आली नाही. नवी फेरी आजच सुरू होणार होती.

"नव्याला शेवटचा नंबर," मी म्हणाले.

"छे, सगळ्यांच्या चिठ्ठ्या टोपीत," नाझगुल म्हणाली. "यावेळी लबाडी नको."

मालकाने पगार वाटला. एर्मेकने नोटा हातात घेतल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत पाच हजार माझ्यासमोर ठेवले. मग टोपी फिरली. माझी चिठ्ठी निघाली आठ नंबरची. मी ती मुठीत चुरगळली. आणि एर्मेक ओरडलाच, "एक! एक नंबर!"

काय गोंधळ झाला! नाझगुलने त्याला मिठी मारली, कुबानदादांनी इस्त्री आपटली. मी चाळीस हजार त्याच्या हातात ठेवले. बरोबर तेवढ्याच किमतीचा तो फोन होता, हे आम्हाला सगळ्यांना पाठ झालं होतं.

"चल, दुकान बंद व्हायच्या आत," नाझगुल म्हणाली. "मग शाश्लिक!"

एर्मेक दारापर्यंत गेला आणि थांबला. "एजे, हे सगळे माझे आहेत?"

खोटं बोलता येईना. "पाच तुझे. पस्तीस आमचे. पुढचे सात महिने तू फेडायचेस."

"म्हणजे आज खर्च करायचा आणि मग साठवायचं. आई म्हणते त्याच्या उलट झालं की."

"अरे, मिळालेत ते घे ना मुकाट्याने," नाझगुल वैतागली.

"शेवटचा नंबर कुणाचा आहे?"

"माझा," मी म्हणाले.

त्याने पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "आपले नंबर बदलू. शेवटच्याला मिळतात ते सगळे त्याचे स्वतःचे. आणि तोवर माझ्या हाताला सापडत नाहीत."

आनंदाने मला आभाळ ठेंगणं झालं. कारण कुणालाच माहीत नव्हतं, पण मॉस्कोची बहीण रोज फोन करत होती, ये म्हणून, इथल्याच्या दुप्पट पगार आहे म्हणून. तिकिटाला पैसे हवे होते आणि ते आता मांडीवर होते. हप्ते तिथून पाठवत जाईन, असं मी मनाशी म्हटलं आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर झुलैका आली.

"शेवटच्याला धोका असतो," मी कशीबशी म्हणाले. "मधे कुणी पळालं तर त्याचं बुडतं."

"तुम्ही आहात ना इथे," एर्मेक म्हणाला. अगदी सहज. मग पत्राचाच कागद उलटा करून पेन पुढे केलं. "टॅक्सीवाला चहा पितोय, उत्तर घेऊन जाईल. तुम्ही लिहा. माझ्यापेक्षा तुमच्या शब्दावर तिला झोप लागेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या पोराचा राग आला, त्याच्या आईचा त्याहून जास्त. डोंगरात बसून या बाईने माझी वाट अडवली होती. पण पेन हातात होतं आणि खोटं लिहायला हात चालेना.

मी लिहिलं: "उमसुनाय, तुमच्या मुलाने खर्चाआधी पैसे बाजूला काढले. ते माझ्याकडे आहेत. शेवटच्या पाळीला मी स्वतः त्याच्या हातात देईन. झिरगाल."

टॅक्सीवाला कागद घेऊन गेला. बाकीचे सामोसे खायला पुढे पळाले, एर्मेक सगळ्यांत पुढे. मी जिन्यात थांबून बहिणीला फोन लावला आणि सांगितलं की फेरी संपेपर्यंत मी कुठेही येत नाही.