फेकायचं पाणी

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात मला मागून पोलीसबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. जिथे दीडशे आजारी माणसांचं जेवण शिजतं, तिथे कुणाच्या तरी डोक्यात संशय जागा असलेला बरा. तेलाचा डबा अर्धा इंच खाली गेला तरी मला कळतं. त्यामुळे नवी डाएटवाली आली तेव्हा पहिल्या दिवसापासून माझी नजर तिच्यावर होती. वय जेमतेम सव्वीस, हातात फाइल, आणि बोलण्यात सारखं "ताई, हे असं का?"

"ताई, डाळ दीड तास उघड्या पातेल्यात का शिजवता? कुकर पडून आहेत तुमच्याकडे."

"मंद आचेवर शिजलेल्या डाळीत जीव असतो. शिट्टीबरोबर सगळं सत्त्व उडून जातं," मी ठणकावलं.

ती हसली. मला तिचं हसणं आवडलं नाही. "शिट्टीतून फक्त वाफ जाते, ताई. डाळीचं पाणी आपण डाळीबरोबरच खातो, म्हणून त्यात उतरलेलं पोटात जातंच. कुकरमध्ये वेळ कमी लागतो आणि डाळ पचायलाही हलकी होते. खरी गडबड भाज्यांची आहे."

गडबड हा शब्द माझ्या स्वयंपाकघरात कुणी उच्चारावा, हेच मला झोंबलं. पण ती थांबली नाही. तिने एकाच जुडीतला पालक आणि एकाच पोत्यातले बटाटे घेऊन तीन वाटे केले. एक वाटा चाळणीत ठेवून वाफवला. दुसरा जेमतेम पाणी घालून कुकरमध्ये झटपट शिजवला. तिसरा आमच्या पद्धतीने, म्हणजे भरपूर पाण्यात उकळून, पाणी गाळून. तिन्ही डबे तपासणीला गेले. मी मनात म्हटलं, ही आता माझी नोकरी खाणार.

आठवड्याने ती कागद घेऊन आली. चेहरा गंभीर.

"वाफवलेली भाजी सगळ्यात चांगली. कुकरची तिच्या जवळपास. तुमच्या पातेल्यातल्या भाजीतून क जीवनसत्त्व निम्म्याहून जास्त गेलंय. ते उष्णतेने मरतं, हे एक वेळ समजू. पण पोटॅशियमही गायब आहे, ताई. आणि ते कितीही उकळा, मरत नाही. ते कुठेतरी गेलंच असणार."

गायब! माझे कान टवकारले. बाकी ती काय बोलली ते मी धड ऐकलंच नाही. जी वस्तू मरत नाही आणि तरी भांड्यात नाही, ती कुणीतरी नेलीच असणार, असा माझा साधा हिशेब. आणि नेणारं कोण, हेही मला त्याच क्षणी सुचलं.

भाजीची शेगडी काकींकडे होती. काकी आमच्या सगळ्यांत जुन्या, अबोल. गेले तीन महिने रोज दुपारी घरी जाताना त्यांच्या हातात झाकणाची एक स्टीलची किटली असायची. विचारलं की "चहा" म्हणायच्या. आमच्याकडे दुपारी चहाच होत नाही. मी इतके दिवस गप्प राहिले, कारण काकींचा नवरा आजारी आहे, एवढं मला माहीत होतं. पण दया एकीकडे आणि चोरी एकीकडे.

त्या दुपारी मी फाटकापाशी उभी राहिले. डाएटवालीलाही बोलावून घेतलं. चोर पकडताना साक्षीदार लागतो.

"काकी, किटली उघडा."

काकींचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, राहू द्या ना."

"उघडा म्हणते ना."

त्यांनी झाकण काढलं. आत ना डाळ, ना तेल, ना तूप. हिरवट, कोमट पाणी. वर पालकाचा एक तुकडा तरंगत होता.

डाएटवालीने वाकून वास घेतला आणि हळूच म्हणाली, "भाजीचं गाळलेलं पाणी."

"फेकायचंच असतं ना ते?" काकी रडकुंडीला आल्या. "बाईंनीच भिंतीवर कागद लावलाय, भाजी भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका. मोरीत ओतताना माझा जीव तुटायचा. भाजीचं सगळं सत्त्व तर त्याच्यात. म्हटलं, फेकण्यापेक्षा घरी न्यावं. माझी नोकरी नका घालवू."

डाएटवालीने माझ्याकडे पाहिलं. "कुठला कागद?"

आता चोरी माझी पकडली गेली होती. तो कागद मूत्रपिंडाच्या वॉर्डातून आला होता, दोन वर्षांपूर्वी. तिथल्या बारा रुग्णांसाठी होता तो. पण बारा जणांसाठी वेगळं पातेलं कोण लावणार? मी तो भाजीच्या शेगडीमागच्या भिंतीवरच डकवला. सगळ्यांना एकच भाजी, एकच पातेलं. कारण काय, हे ना मी कधी विचारलं, ना काकींना सांगितलं. बाळंतिणींपासून ताप उतरलेल्या पोरांपर्यंत सगळ्यांना मी दोन वर्षं धुतलेली भाजी वाढत होते, आणि चोर मात्र दुसरीकडे शोधत होते. मला स्वतःची लाज वाटली.

"कागद मूत्रपिंडाच्या वॉर्डाचा आहे, सगळ्यांना लावला तो मी," मी म्हटलं. "काकींचा दोष नाही. त्यांना जाऊ दे."

पण डाएटवालीने किटलीची कडी सोडली नाही. तिचा आवाज बदलला होता. "काकी, हे पाणी घरी कोण पितं?"

"आमचे हे. तीन महिने झाले, अंगात ताकदच राहिली नाही. डॉक्टरांनी फळं बंद केली, शहाळं बंद केलं. मग माणसाच्या पोटात चांगलं जाणार काय? म्हणून रोज दोन पेले देते, कढण म्हणून."

"त्यांना काय झालंय?"

"मूत्रपिंडं कमजोर झालीत." काकींनी डोळे पुसले. "आणि माणूस लबाड निघाला, बघा. तपासणीत पोटॅशियम का काय ते दर वेळी वाढलेलं येतं. डॉक्टर म्हणाले, हे लपूनछपून केळी खातात, लक्ष ठेवा. मी गाद्या झटकल्या, कपाट उपसलं, खिसे तपासले. ते देवाशपथ नाही म्हणतात. पंधरा दिवस झाले, मी बोलले नाही त्यांच्याशी. फक्त पेला पुढे ठेवायचा."

डाएटवाली म्हणालीच होती, पोटॅशियम मरत नाही, कुठेतरी गेलंच असणार.

"काकी," डाएटवालीने त्यांचा हात धरला. "पाणी फेका असं तिथे लिहिलंय ते ह्याच्यासाठीच. ह्या दुखण्यात तेच अंगात साठतं, हृदयावर येतं. ते भाजीतून पाण्यात उतरावं, म्हणूनच तर पाणी फेकायचं."

काकींनी किटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "म्हणजे मीच?"

"नाही. मी. मी कारण ना विचारलं, ना तुम्हाला सांगितलं," मी म्हटलं.

डाएटवालीने तिथूनच काकींच्या नवऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. आजच तपासणीला आणा, असं तिकडून सांगितलं. काकींनी किटली फाटकाजवळच्या गटारात उपडी केली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग पदराला हात पुसून घरी फोन लावला. पलीकडून "हं" एवढंच ऐकू आलं. नवऱ्यालाही एव्हाना अबोल्याची सवय झाली असावी.

"अहो, शर्ट घालून तयार राहा, दवाखान्यात जायचंय," काकी म्हणाल्या. "आणि ऐका. तुम्ही खरंच केळी खाल्ली नव्हती."