गॅस बंद, तवा गरम

आमच्या हॉटेलात अंडी मी शिजवते, पण मालकीणबाईंची बशी भरतो मुख्य आचारी, आणि शाबासकीही तोच खातो. काल सगळ्यांदेखत तो मला बिनडोक म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

फोडून उकळत्या पाण्यात सोडलेल्या पोच्ड अंड्याला पाण्याची आच बाहेरून लागते, तळलेल्याला तव्याची खालून. पांढरं आधी धरतं. बलक घट्ट व्हायला जास्त उष्णता लागते, म्हणून वेळेत काढलं की तो वाहता राहतो. स्क्रॅम्बल्डमध्ये दोन्ही एकजीव झालेले, त्यामुळे ओलसर असतानाच उतरवावं लागतं. गॅस बंद केला तरी गरम तवा शिजवतच राहतो.

आज बाईंची स्क्रॅम्बल्ड अंडी अगदी मऊ झाली होती. मी गॅस बंद करून बशी उचलली, तर आचारी फोन कानाला लावूनच खेकसला, “मी आल्याशिवाय हात लावायचा नाही!”

“बरं, वस्ताद,” म्हणत मी हाताची घडी घातली.

तव्यात अंडी आवळत गेली, त्यांना पाणी सुटलं. त्याने बोलता बोलता, न बघताच बशी भरली आणि बाहेर नेली. मी दारातून पाहत होते.

“आज कुणी केलीत?” बाईंनी विचारलं.

“मीच. दुसरं कोण करणार?”

बाईंनी घास घेतला आणि चावतच राहिल्या.